फोटोतील नको असलेली वस्तू काढताना: फोनचे ॲप, वेब साधन की संगणकावरील सॉफ्टवेअर?



मारेगाव तालुक्यातील एका महिला बचत गटाने मागील हंगामात आपल्याच तुरीची डाळ तयार करून एक किलोच्या पाकिटात विकण्याचे ठरविले. पाकिटावरील लेबलसाठी गटाकडे एकच चांगला फोटो होता. सोयाबीन निघाल्यावर शेतात उभी राहिलेली तूर नोव्हेंबरअखेर पूर्ण फुलावर असताना तो फोनवर काढलेला होता. गटाच्या अध्यक्षा धुऱ्यावर उभ्या असून त्यांच्या हातात फुलांनी भरलेली तुरीची फांदी आहे. उजेड चांगला, चेहरा प्रसन्न, पीक दाट. परंतु त्याच फोटोत उजव्या बाजूला विजेचा खांब व आकाशात दोन तारा होत्या, डाव्या कडेला खताची रिकामी पांढरी गोणी पडलेली होती आणि ताईंच्या पदरामागून एका मोटारसायकलचे मागचे चाक व सीट डोकावत होते.

“सर, फोटो चांगला आला, पण ही फटफटी मधातच आली न जी. काढता येते का?” असे ताईंनी विचारले. हा प्रश्न आला तेव्हा जानेवारी संपत आला होता व तुरीची काढणी झालेली होती. दुसरा फोटो काढायचा तर पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहावी लागली असती. पीक उभे असते तर ताईंना दोन पावले बाजूला उभे करून पुन्हा फोटो काढणे हाच सर्वांत सोपा, बिनखर्चाचा व उत्तम उपाय होता. तो मार्ग बंद झाला म्हणूनच वस्तू काढण्याच्या साधनांकडे वळावे लागले. पहिल्यांदाच असे काम करणाऱ्याने कोणते साधन निवडावे, याची माहिती याच फोटोच्या आधारे प्रस्तुत लेखात दिली आहे.

वस्तू काढणे म्हणजे नांगे भरणे

फोटोतील वस्तू पुसली की तिच्यामागचे दृश्य आपोआप दिसू लागते, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. मोटारसायकलच्या मागे काय होते हे कॅमेऱ्याने टिपलेलेच नसते. वस्तू काढली की तेथे नांगा पडतो आणि तो कशाने तरी भरावा लागतो. शेतात नांगे भरताना आपण त्याच वाणाचे बियाणे वापरतो, नाहीतर ओळीत वेगळे झाड उठून दिसते. फोटोतही नांगा आजूबाजूच्या जागेशी जुळेल अशाच रंगाने व पोताने भरावा लागतो.

हे भरण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत साधन आपणहून शेजारचा तुकडा उचलून तेथे लावते. दुसऱ्या पद्धतीत लाखो चित्रे दाखवून तयार केलेली संगणक प्रणाली तेथे काय असावे याचा अंदाज बांधून नवीन चित्र भरते. तिसऱ्या पद्धतीत कोणता तुकडा कोठून घ्यायचा हे आपण स्वतः ठरवितो. साधारणतः फोनच्या ॲपमध्ये पहिली किंवा दुसरी, वेब साधनात बहुधा दुसरी व संगणकावरील सॉफ्टवेअरमध्ये तिसरी पद्धत मुख्य असते.

म्हणून साधन निवडताना काय काढायचे आहे यापेक्षा त्याच्या मागे व शेजारी काय आहे, हे आधी पाहावे. तारेच्या मागे मोकळे आकाश आहे, ते काम सोपे. खांबाचा खालचा भाग तुरीच्या दाट पानांत आहे, ते काम मध्यम. मोटारसायकलची सीट मात्र पदराच्या काठाला चिकटलेली आहे. तेथे सरळ, ठळक कड आहे आणि ती कड माणसाची आहे. हे काम सर्वांत अवघड.

छपाईचा आकार आधी ठरवावा

दुसरी गोष्ट म्हणजे फोटो किती मोठा छापायचा आहे. केवळ व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर लहान फोटोही चालतो. छपाईसाठी मात्र दर इंचाला सुमारे ३०० बिंदू म्हणजेच पिक्सेल लागतात. आमचे लेबल १० सें.मी. रुंद व ८ सें.मी. उंच होते. सेंटिमीटरला २.५४ ने भागून ३०० ने गुणले की लागणारे पिक्सेल मिळतात. म्हणजे रुंदीला सुमारे ११८० व उंचीला सुमारे ९४५ पिक्सेल हवेत. फोनमधील मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा होता, म्हणजे तो पुरेसा होता.

येथे एक चूक नेहमी होते. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठविला की तो आकाराने लहान होतो व बारीक तपशील जातो. काम सुरू करण्यापूर्वी फोटो Document म्हणून पाठवावा किंवा तारेने थेट संगणकात घ्यावा. मूळ फोटो जसाच्या तसा वेगळा ठेवून सर्व काम त्याच्या प्रतीवरच करावे.

यानंतर लेबलच्या मापात फोटो कापून घ्यावा. रुंदी व उंचीचे प्रमाण १० ला ८ असल्याने ३००० उंचीला ३७५० रुंदी पुरते. म्हणजे रुंदीतील २५० पिक्सेलची पट्टी अशीही जाणारच होती. ती आम्ही डावीकडून कापली आणि खताची गोणी तिच्याबरोबर निघून गेली. कडेची वस्तू कापण्याने जात असेल तर ती पुसत बसू नये. वस्तू काढण्याच्या कामातील हा पहिला व सर्वांत निर्धोक उपाय होय.

पहिला पर्याय: फोनवरील ॲप

पहिल्या कामाची सुरुवात फोनवर करावी. फोटो फोनमध्येच असतो, वेगळा खर्च नाही आणि दहा-पंधरा मिनिटांत काम जमेल की नाही याचा अंदाज येतो. यासाठी स्नॅपसीड हे मोफत ॲप उपयोगी आहे. त्यात फोटो उघडून साधनांच्या यादीतील Healing हे साधन निवडावे. वस्तूवरून बोट फिरविले की तेवढा भाग लाल दिसतो व बोट उचलताच तो शेजारच्या तुकड्याने भरला जातो. येथे ब्रशचा आकार वेगळा बदलावा लागत नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला की त्याच बोटाखाली फोटोचा लहान भाग येतो, म्हणजे ब्रश आपोआप बारीक होतो. त्यामुळे तारेसारख्या बारीक वस्तूसाठी फोटो भरपूर मोठा करून घ्यावा.

तार एका झटक्यात टोकापासून टोकापर्यंत पुसू नये. आकाशाचा रंग सगळीकडे सारखा नसतो. वर गडद निळा व क्षितिजाजवळ फिकट असतो. लांब पट्टा एकदम पुसल्यास दुसऱ्याच छटेचा डाग उमटतो. म्हणून बोटाच्या पेराएवढे लहान तुकडे घेत पुढे जावे व एखादा तुकडा बिघडल्यास मागे जाण्याच्या बाणाने तेवढाच रद्द करावा. खांबही वरून खाली असाच तुकड्या-तुकड्याने काढावा. आमच्या फोटोतील दोन्ही तारा व खांब या पद्धतीने सुमारे वीस मिनिटांत निघाले. खांबाचा पायथा तुरीच्या पानांत होता. पाने दाट व अनियमित असल्यामुळे तेथील भरणीही खपून गेली.

गुगल फोटोज या ॲपमध्ये Magic Eraser नावाचे साधन आहे. २०२४ पासून ते सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध करून दिलेले आहे, मात्र जुन्या व कमी मेमरीच्या फोनवर ते दिसत नाही. आपल्या फोनमध्ये असल्यास तेही वापरून पाहण्यास हरकत नाही.

फोनची मर्यादा कडेजवळ येते. मोटारसायकलचे चाक आम्ही फोनवर पुसून पाहिले तेव्हा धुऱ्यावरचे गवत ठीक भरले, पण सीट पुसताना पदराचा लाल काठ गवतात व गवत पदरात मिसळले. बोटाचे टोक जाड असते आणि त्याखाली नेमके काय झाले हे दिसत नाही. दोन-तीन प्रयत्नांत कड स्वच्छ येत नसेल तर फोनवर आणखी वेळ घालवू नये. मात्र तोवर झालेले काम वेगळी प्रत म्हणून जतन करावे. आम्ही खांब व तारा काढलेली प्रत ठेवली आणि पुढचे काम तिच्यावरच केले.

दुसरा पर्याय: मोफत वेब साधन

इंटरनेटवर अशी अनेक पाने आहेत जेथे फोटो टाकला, वस्तूवर ब्रश फिरविला की काही सेकंदांत वस्तू नाहीशी होते. काहीही उतरवून घ्यावे लागत नाही व शिकण्यासारखेही फारसे नसते. मोटारसायकलसाठी आम्ही असे एक साधन वापरले. चाकाच्या जागी धुऱ्याचे गवत व मागची तूर त्याने इतकी चांगली भरली, की प्रथमदर्शनी काम झाले असेच वाटले.

उतरवून घेतलेल्या फोटोचा तपशील पाहिला तेव्हा खरी गोष्ट कळली. फोटोची लांब बाजू फक्त ७२० पिक्सेलची झाली होती. मूळ आकारातील फोटोसाठी पैसे भरावे लागत होते. दहा सेंटिमीटरच्या लेबलवर ७२० पिक्सेल म्हणजे इंचाला सुमारे १८०. तुरीची फुले त्यात पिवळ्या ठिपक्यांसारखी धूसर दिसली असती. शिवाय पदराचा काठ एका जागी कुरतडल्यासारखा झाला होता आणि तो सुधारण्यासाठी पुन्हा पुसण्याखेरीज दुसरा उपाय तेथे नव्हता.

म्हणून वेब साधन वापरताना तीन गोष्टी तपासाव्यात. उतरवून घेतलेल्या फोटोचे पिक्सेल मूळ फोटोशी ताडून पाहावेत. फोटोवर कोठे त्या साधनाचा शिक्का उमटला आहे का ते पाहावे. तसेच आपला फोटो दुसऱ्याच्या संगणकावर जातो हे लक्षात घेऊन घरातील मुलांचे फोटो किंवा सातबारा, आधार यांसारख्या कागदांचे फोटो अशा ठिकाणी टाकू नयेत.

फोटोपी हे साधन यापेक्षा वेगळे आहे. ते photopea.com या पत्त्यावर ब्राउझरमध्ये उघडते, पण फोटोवरील नेहमीचे काम आपल्याच संगणकात होते आणि फोटोचा आकार कमी होत नाही. ते मोफत असून बाजूला जाहिराती दिसतात. परंतु त्याची रचना मोठ्या सॉफ्टवेअरसारखी आहे व ते माऊसनेच नीट चालते. ते शिकायला लागणारा वेळ पुढील पर्यायाएवढाच धरावा. ज्यांना संगणकात नवीन सॉफ्टवेअर बसविता येत नाही, उदाहरणार्थ जे शाळेचा किंवा सेवा केंद्राचा संगणक वापरतात, त्यांना ते सोयीचे आहे.

तिसरा पर्याय: संगणकावरील सॉफ्टवेअर

पदराच्या काठासाठी शेवटी आम्ही गिंप हे सॉफ्टवेअर वापरले. ते gimp.org या अधिकृत ठिकाणावरून मोफत मिळते व विंडोजच्या साध्या संगणकावरही चालते. पहिल्यांदा वापरणाऱ्याने दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात. कृती पुढीलप्रमाणे आहे.

१) File मधील Open ने फोटो उघडावा. नंतर Layer मधील Duplicate Layer निवडावे. यामुळे मूळ थराच्या वर दुसरा थर तयार होतो. सर्व काम वरच्या थरावर करावे म्हणजे खालचा थर सुरक्षित राहतो.

२) फोटो २०० टक्के मोठा करावा. F ही कळ दाबून मोकळ्या हाताने निवड करण्याचे साधन घ्यावे. पदराच्या काठावर थोड्या-थोड्या अंतराने टिचक्या देत पुढे जावे व मोटारसायकलच्या भोवती फिरून पहिल्या बिंदूवर येऊन Enter दाबावे. आता ब्रश फक्त या कुंपणाच्या आत चालतो, पदरावर जात नाही. हे कुंपण हाच या पर्यायाचा खरा फायदा आहे. कड फार धारदार दिसू नये म्हणून साधनाच्या पर्यायांतील Feather edges आधीच चालू करून २ पिक्सेल ठेवावे.

३) C ही कळ दाबून Clone साधन घ्यावे. Ctrl दाबून धरून जेथून तुकडा घ्यायचा तेथे टिचकी द्यावी व नंतर मोटारसायकलवर ब्रश फिरवावा. तुकडा त्याच उंचीवरून घ्यावा. चाकाच्या जागी धुऱ्याचेच गवत आणि सीटच्या जागी मागच्या ओळीतील तूरच यायला हवी. दर चार-पाच फटकाऱ्यांनंतर तुकड्याची जागा बदलावी.

४) भरणी पूर्ण झाल्यावर H दाबून Heal साधन घ्यावे, Clone प्रमाणेच Ctrl दाबून धरून तुकड्याची जागा टिचकीने ठरवावी व जोड दिसत असेल तेथेच हलका हात फिरवावा. Heal हे शेजारच्या रंगाशी उजेड व छटा जुळवून घेते. त्यामुळेच ते कडेला लागून कधीही वापरू नये. पहिल्या दिवशी मी पदराला अगदी लागून Heal फिरविले आणि काठाचा लाल रंग हिरव्या गवतात फुटला. ते काम रद्द करून पुन्हा करावे लागले. कडेजवळ Clone व आतल्या भागात Heal, हा नियम लक्षात ठेवावा.

५) Save ने फोटो गिंपच्या स्वतःच्या xcf प्रकारात साठवावा, म्हणजे उद्या थर उघडून दुरुस्ती करता येते. छापखान्यासाठी File मधील Export As ने jpg प्रत काढावी व Quality ९० किंवा अधिक ठेवावी.

काम तपासण्याची रीत

तासभर एकाच फोटोकडे पाहिल्यावर आपल्या डोळ्यांना चूक दिसत नाही. म्हणून फोटो रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावा. आरशात दिसतो तसा तो उलटा करून पाहिला की चुका लवकर सापडतात. पुढे फोटो १०० टक्के आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवीत न्यावा. तुरीचा तोच झुबका दोन-तीनदा दिसतो का, धुऱ्याची रेघ मध्येच तुटली आहे का व कोठे धुरकट, विना-पोताचा डाग आहे का, हे पाहावे.

शेवटी ज्याने मूळ फोटो पाहिला आहे अशा एका व ज्याने पाहिला नाही अशा एका व्यक्तीला फोटो दाखवावा. आमच्या गटातील एका सदस्येने फोटो हातात घेताच सांगितले, “गाडी गेली सर, पण गाडीची सावली तिथंच हाय.” खरोखरच धुऱ्यावर चाकाची गोल सावली शिल्लक होती. वस्तूबरोबर तिची सावलीही काढावी लागते. ती Clone ने भरायला आणखी दहा मिनिटे लागली. सावली राहून जाणे ही नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती तिन्ही साधनांत सारखीच घडते.

हे फोटो मात्र दुरुस्त करू नयेत

लेबलवरील फोटोतून मोटारसायकल काढल्याने डाळीविषयी ग्राहकाची फसवणूक होत नाही. पण प्रत्येक फोटो असा नसतो. पीक विमा, पंचनामा किंवा नुकसानीच्या अर्जासोबतचा फोटो हा पुरावा असतो. त्यातून तार किंवा गोणी पुसली तरी तो बदललेला पुरावा ठरतो व खरे नुकसान असूनही संशय घेतला जाऊ शकतो. २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तर शेतात उभे राहून ॲपमधूनच फोटो काढायचा असतो.

कृषी विज्ञान केंद्राकडे रोगनिदानासाठी पाठवायच्या फोटोलाही हात लावू नये. Heal साधन पानावरील ठिपक्याला डाग समजून पुसून टाकते, आणि निदानासाठी नेमका तोच ठिपका हवा असतो. विक्रीसाठी काढलेल्या बैलाच्या फोटोतून मागची भिंत काढावी, पण बैलाच्या खांद्यावरील गाठ काढू नये. काढलेल्या वस्तूमुळे घेणाऱ्याचा निर्णय बदलणार असेल, तर ती वस्तू फोटोतच राहू द्यावी.

सारांश

पीक उभे असेल तर फोटो पुन्हा काढावा. वस्तू कडेला असेल तर फोटो कापावा. वस्तूच्या मागे आकाश, माती किंवा दाट पीक असेल तर फोनचे ॲप पुरेसे आहे. फोनवर भरणी नीट होत नसेल आणि फोटो फक्त मोबाइलवरच पाहायचा असेल तर मोफत वेब साधन चालेल, मात्र मिळालेल्या फोटोचे पिक्सेल मोजावेत. वस्तू माणसाच्या, जनावराच्या किंवा सरळ कडेला चिकटलेली असेल व फोटो छापायचा असेल तर संगणकावरील सॉफ्टवेअरला पर्याय नाही. एकाच फोटोत तिन्ही प्रकारच्या वस्तू असू शकतात. अशा वेळी सोपे काम सोप्या साधनाने करून अवघड तेवढेच संगणकावर न्यावे. आमच्या लेबलचा फोटो अशाच रीतीने कापून, फोनवर व शेवटी गिंपमध्ये मिळून तयार झाला, आणि वणीच्या छापखान्यात तो पूर्ण आकारात देता आला.